दोन कुत्री, दोन रिपोर्ट आणि एकच सिरप

*डॉक्टर, आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. घरी दोन कुत्री. शेरू गावठी, चार वर्षांचा, शेतावरच असतो. पाच दिवस झाले, खाणं सोडलंय आणि पिवळसर फेस ओकतोय. ब्राऊनी लॅब्राडोर, नऊ वर्षांची. तिला खाजेसाठी अडीच महिने छोट्या पांढऱ्या गोळ्या चालू आहेत. खाते मजेत, पाणी मात्र घागरभर पिते. दोघांचं रक्त माणसांच्या लॅबमध्ये दिलं. शेरू: एसजीपीटी ९१२, अल्कलाईन फॉस्फटेज २६८, बिलिरुबिन ०.९. ब्राऊनी: एसजीपीटी १४८, अल्कलाईन फॉस्फटेज १६४०, जीजीटी १६, बिलिरुबिन ०.२. “दोघांचंही लिव्हर वाढलंय” म्हणून एकच सिरप मिळालं. ब्राऊनीचा आकडा मोठा, म्हणून घरात सगळे तिच्याच मागे आहेत. खरं आजारी कोण? तसं दोघांनाही घरच्या मक्याचा भरडाच शिजवून घालतो, ब्राऊनीला वर दूध-अंडं.*

ताई, आधी शेरूला गाडीत घाला आणि बेळगावला घेऊन या. पुढचं वाटेत वाचलंत तरी चालेल. ब्राऊनीला वेळ आहे, शेरूला नाही.

आता तो रिपोर्ट हातात घ्या आणि उजवीकडचा ‘नॉर्मल’चा रकाना पेनाने खोडून टाका. तो माणसांचा आहे. माणसाच्या एसजीपीटीची वरची हद्द ४० च्या आसपास छापतात, त्या हिशेबाने शेरू तेवीसपट होतो आणि घरात रडारड सुरू होते. कुत्र्यात ही हद्द साधारण १०० धरतात, अल्कलाईन फॉस्फटेजची १५० आणि जीजीटीची १०. लॅबगणिक थोडा फरक पडतो, म्हणून जनावरांच्या लॅबचा छापील आकडा मिळाला तर तोच घ्यावा. मशीन माणसांचं असल्याने रक्त खोटं ठरत नाही, फक्त तुलना चुकते.

तुलनाही आकड्याची आकड्याशी करायची नाही. प्रत्येक आकडा आपापल्या हद्दीच्या किती पट आहे तेवढं बघायचं. शेरूचा एसजीपीटी नऊपट आणि फॉस्फटेज पावणेदोनपट. ब्राऊनीचा एसजीपीटी दीडपट आणि फॉस्फटेज अकरापट. म्हणजे दोघांचे रिपोर्ट एकमेकांच्या उलटे आहेत, आणि एका सिरपात दोन्ही भागवता येत नाहीत ते इथेच कळतं.

एसजीपीटी, ज्याला नवे रिपोर्ट एएलटी म्हणतात, तो लिव्हरच्या पेशीच्या पोटात असतो. पेशीचं आवरण धड असेपर्यंत तो आत राहतो. विष, जंतू, ऑक्सिजनची कमतरता, काहीही होऊन आवरण फाटलं की फाटक्या पोत्यातून साखर सांडावी तसा रक्तात येतो. सांडायला वेळ लागत नाही, काही तासांत आकडा चढतो. कुत्र्यात हा एंझाइम बऱ्यापैकी लिव्हरचाच असतो, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. त्याचा जोडीदार एसजीओटी स्नायूंतही असतो. मांडीत दोन इंजेक्शनं बसली, कुत्रं भांडून आलं, किंवा रक्त काढताना नळीत फुटलं तरी तो वाढतो. तो एकटाच वाढलेला दिसला तर लिव्हरला दोष देण्याआधी सीपीके ही स्नायूंची चाचणी करून घ्यावी.

अल्कलाईन फॉस्फटेजची गोष्ट वेगळी. तो पेशीच्या पोटात सुटा नसतो. पित्ताच्या बारीक नळ्यांकडे पेशीची जी बाजू असते, त्या आवरणाला तो चिकटलेला असतो. पेशी फाटली म्हणून तो धो-धो सांडत नाही. पण पित्त पुढे सरकेनासं झालं, उसाच्या पाटात कचरा अडकून पाणी मागे फुगावं तसं, की दोन गोष्टी होतात. तुंबलेलं पित्त पेशीला हा एंझाइम जास्त बनवायला लावतं, आणि पित्तातले क्षार साबणासारखे असल्याने ते आवरणाला चिकटलेला एंझाइम सोडवून काढतात. हे सगळं व्हायला दोन-चार दिवस जातात. म्हणून पित्त अडल्यावर फॉस्फटेज सावकाश चढतो आणि अडसर गेल्यावर सावकाशच उतरतो. जीजीटी बहुतेक करून पित्तनलिकांच्या अस्तरातून येतो. तो फॉस्फटेजसोबत वाढला की पित्त अडल्याचा संशय आणखी बळावतो.

पेशी फाटणं एक आणि पित्त तुंबणं दुसरं. ब्राऊनीचा रिपोर्ट वरवर बघणारा कोणीही म्हणेल की हिचं पित्त तुंबलंय. मी नाही म्हणणार, कारण बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य, ०.२ आहे. ज्या कुत्रीचं पित्त खरंच अडून फॉस्फटेज अकरापट गेलाय, तिचं बिलिरुबिन इतकं शांत राहणं अवघड.

खरं अडलेलं पित्त कसं दिसतं ते मागे टिळकवाडीतल्या एका पॉमेरेनियनमध्ये बघितलं. अकरा वर्षांची म्हातारी. गावच्या लक्ष्मीच्या यात्रेला घरच्यांनी सोबत नेलं आणि तिथं चार पाहुण्यांनी चार ताटांतली चरबी घातली. दुसऱ्या दिवसापासून उलट्या, पोट धरून कमान करून उभी राहायची. सहाव्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग, कानाची आतली बाजू, सगळं हळद लावल्यागत झालं होतं. लघवी काळ्या चहासारखी आणि शी राखाडी, ओल्या चिकणमातीसारखी. शीला तिचा तपकिरी रंग पित्तामुळे येतो. पित्त आतड्यात पोचलंच नाही तर रंग येणार कुठून? रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवल्यावर वर जे पाणी सुटतं ते निरोगी कुत्र्यात जवळजवळ बिनरंगी असतं. तिचं करडईच्या तेलासारखं पिवळं होतं. रिपोर्ट यायच्या आधी मला तेवढं पुरेसं होतं.

तिचा फॉस्फटेज २१००, जीजीटी ४८, बिलिरुबिन ६.८ आणि एसजीपीटी ५२०. हा शेवटचा आकडा बघा. पित्त तुंबलं तरी एसजीपीटी पाचपट झालाच, कारण साचलेलं पित्त पेशींनाही जाळतं. उलट पेशी सुजल्या की मधल्या बारीक नळ्या दाबल्या जातात आणि थोडं पित्त अडतं, म्हणूनच शेरूचा फॉस्फटेजही जरा वर गेलाय. त्यामुळे एक वाढलेला आणि दुसरा अगदी नॉर्मल असा स्वच्छ रिपोर्ट क्वचितच हातात येतो. पारडं कुणीकडे झुकलंय तेवढंच रक्तातून कळतं. पुढचं सोनोग्राफी सांगते. तिच्या सोनोग्राफीत स्वादुपिंड सुजून पित्तनलिकेवर दाबून बसलेलं दिसलं. सलाईन, दुखण्याची आणि उलटीची औषधं, बिनचरबीचा आहार, एवढ्यावर सूज ओसरली आणि साधारण तीन आठवड्यांत पिवळेपणा गेला. ऑपरेशन लागलं नाही. पित्ताशयात घट्ट जेलीसारखा गोळा धरला असता तर मात्र बहुधा लागलं असतं, आणि उशीर केला तर ती पिशवी फुटते.

तिला पहिल्याच दिवशी जीवनसत्त्व ‘के’चं इंजेक्शन दिलं होतं. पित्त आतड्यात गेलं नाही तर चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत, ‘के’ कमी पडतं आणि रक्त गोठेना होतं. अशा कुत्र्यात सुई घालायची तरी विचार करावा लागतो. आणि पित्त पातळ करणारी जी गोळी अशा वेळी सर्रास लिहिली जाते, अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिड, ती नळी पूर्ण बंद असताना देऊ नये. आधी सोनोग्राफी, मग गोळी. तुमच्या सिरपाच्या बाटलीवरची नावं मला पाठवा. नुसतं टॉनिक असेल तर नुकसान नाही, पण त्याच्या आशेवर दिवस घालवू नका.

ब्राऊनीकडे वळतो. छोट्या पांढऱ्या गोळ्या, अडीच महिने, खाज थांबलीय, भूक वाढलीय, पाणी घागरभर. पाकिटावर प्रेडनिसोलोन लिहिलंय का बघा. माझी खात्री आहे लिहिलेलं असेल. स्टेरॉइडमुळे कुत्र्याच्या लिव्हरला फॉस्फटेजचा एक वेगळाच प्रकार बनवायची आज्ञा मिळते. हा प्रकार कुत्र्याचा खास आहे, मांजरात तो नाही. पित्त कुठे अडलेलं नसतं, पेशी फाटलेली नसते, तरी आकडा दहापट जातो. जीजीटीही सोबत थोडा चढतो, म्हणून तिचा १६ बघून घाबरायचं कारण नाही. स्टेरॉइडने पेशींमध्ये ग्लायकोजेन साठून लिव्हर आकारानेही मोठं होतं. म्हणजे “लिव्हर वाढलंय” हे ब्राऊनीच्या बाबतीत कदाचित शब्दशः खरं निघेल. शेरूचे नुसते एंझाइम वाढलेत. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द वापरतात, तिथंच सगळा घोळ होतो.

तरी हे वाचून गोळी उद्यापासून बंद करू नका. अडीच महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते. एकदम थांबवलं तर कुत्री गळून पडते, उलट्या होतात, कधी कोसळतेही. ज्यांनी गोळी लिहिली त्यांच्याकडून टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या, आणि खाजेचं मूळ शोधायला सांगा. आपल्या पावसात निम्म्या वेळा ते गोचीड, पिसवा नाहीतर बुरशी निघतं. कानात टाकायचे थेंब, अंगाला लावायचं मलम यांतही स्टेरॉइड असतं आणि कुत्रं ते चाटतं, तेही मोजा. गोळी पूर्ण थांबून दोन महिने झाले की फॉस्फटेज परत बघायचा. तो उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. तेव्हाही तो पाच-सहापट असेल, पाण्याची तहान तशीच असेल, पोट सुटलं असेल, पाठीवरचे केस विरळ झाले असतील, तर तिचं शरीर स्वतःच जास्त स्टेरॉइड बनवतंय का हे तपासावं लागेल. त्या आजाराला कुशिंग म्हणतात. गोळ्या चालू असताना ती तपासणी करू नये, उत्तर चुकीचं येतं.

आता शेरू. पाच दिवस उपाशी, ओकारी, एसजीपीटी नऊपट. त्याच्या लिव्हरच्या पेशी फाटताहेत. पण ९१२ हा आकडा लिव्हर किती काम करतंय ते सांगत नाही, फक्त किती सांडलंय ते सांगतो. काम कळतं ते अल्ब्युमिन, साखर, कोलेस्टेरॉल, युरिया यांवरून आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो त्यावरून. आज हे सगळं करायचं. सोबत हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब, कारण शेतावरच्या कुत्र्याला गोचीडताप कधीही असू शकतो. गोचीडतापाच्या एका प्रकारात तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे लिव्हर धड असतानाही कुत्रं पिवळं दिसतं. हिरड्या पिवळ्या आणि शिवाय फिकट असतील तर मला आधी तोच संशय येतो. बिलिरुबिन दोन-अडीचच्या वर गेल्याशिवाय पिवळेपणा डोळ्याला दिसत नाही, म्हणून ०.९ ला तुम्हाला काही दिसलं नसेल. तरी कुत्र्यात ते अर्ध्याच्या आत असायला हवं.

क्रिएटिनीनही हवं, कारण जांबोटीच्या पावसात, भाताच्या चिखलात, उंदरांच्या मुतात वावरणाऱ्या कुत्र्याला लेप्टो होऊ शकतो आणि तो लिव्हरबरोबर किडनीही धरतो. हा रोग माणसाला लागतो. चाचणी होईपर्यंत त्याची लघवी, ओकारी साफ करताना हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. घरात कुणाला क्रोसिन किंवा तसली तापाची गोळी त्याला घालायचं सुचलं असेल तर तेही लपवू नका. पॅरासिटामॉलने लिव्हर जळतं.

पण माझं बोट आधी त्या मक्यावर आहे. कुठला मका? गेल्या पावसाळ्याचा, कणगीत राहिलेला, की खळ्यावर भिजून मग वाळवलेला? मूठभर घेऊन दाणा फोडून बघा. टोकाशी हिरवट-पिवळी भुकटी, कुबट वास, हातात धूळ उडते का? तसली बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. भरडा शिजवल्याने बुरशी मरते, विष जात नाही. आणि दाणा वरून स्वच्छ दिसला म्हणजे विष नाही असंही नव्हे. रोज थोडं थोडं पोटात जाऊन दोन-तीन आठवड्यांनी एक दिवस कुत्रं खाणं सोडतं, म्हणून खाण्याचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे शेरू नुसत्या भरड्यावर आणि ब्राऊनीला वर दूध-अंडं. तिचा भरडा कमी जात असेल, म्हणून ती वाचली असेल. येताना ओंजळभर भरडा पिशवीत घालून आणा आणि उरलेला दोघांनाही बंद करा.

या विषाला उतारा नाही. सलाईन, ‘के’ जीवनसत्त्व, लिव्हरला आधार देणारं एन-अॅसिटिलसिस्टीन, लागलं तर प्लाझ्मा, असं धरून ठेवायचं आणि उरलेल्या पेशींना सावरायला वेळ द्यायचा.

उपचार सुरू झाल्यावर आकडे कसे वाचायचे ते सांगून ठेवतो, कारण तुम्ही रोज विचारणार. कुत्र्यात एसजीपीटी अडीच-तीन दिवसांत निम्मा होतो, पण नवीन सांडणं थांबलं असेल तरच. आज ९१२ असेल तर सगळं उत्तम झालं तर तीन दिवसांनी साडेचारशे, सहा दिवसांनी सव्वादोनशे. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं. आठवड्याने चारशेच्या आत आला तर मी खूश. नऊशेच्या आसपासच राहिला तर विष किंवा रोग अजून चालू आहे. त्याच आठवड्यात फॉस्फटेज २६८ वरून चारशेवर गेलेला दिसेल. तो मागून चढतो आणि उशिरा उतरतो, त्याला भिऊ नका. भिण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. एसजीपीटी झपाट्याने उतरतोय, घरचे पेढे वाटायच्या बेतात आहेत, आणि इकडे बिलिरुबिन चढतंय, अल्ब्युमिन घसरतंय, सुई टोचलेली जागा वाहायची थांबत नाही. याचा अर्थ सांडायला पेशीच उरल्या नाहीत. पोटाच्या कातडीवर निळे डाग, डांबरासारखी काळी शी, भिंतीला डोकं लावून उभं राहणं, यातलं काहीही वाटेत दिसलं तर आधी फोन करा, मी तयारीत राहतो.

पिवळा पडलाच तर गावात कुणी कावीळ म्हणेल, कुणी कामाले म्हणेल, आणि कुणीतरी पाला पाजायला नाहीतर तापल्या सळीने डाग द्यायला सांगेल. डाग दिलेली कुत्री माझ्याकडे येतात. लिव्हरच्या दुखण्यात जखम आणखी घातलेली असते, आणि न गोठणाऱ्या रक्तात पाल्याचं काय होतं कोण जाणे.

आणि तो भरडा कुत्र्यांना बंद केला म्हणून गाईच्या घमेल्यात ओतू नका, कोंबड्यांनाही नको. गाईने खाल्लेलं अफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरतं, आणि दूध तापवूनही जात नाही. पोतं लांब नेऊन पुरा किंवा जाळा, धुराच्या उलट बाजूला उभं राहून, आणि कणगी रिकामी करून उन्हात कडक वाळवल्याशिवाय नवा मका भरू नका.